शेअर्ड ड्राइव्हमध्ये गेलेली फाइल कोणाची, आणि ती काढता कोणाला येते?

प्रश्न: दोन वर्षं मी ज्या फाइल्सवर काम केलं त्या गूगल ड्राइव्हवरच्या टीमच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवल्या. आता मालक म्हणून माझं नाव दिसत नाही, आणि एक जुनी फाइल काढायला गेले तर तो पर्यायच येत नाही. गेल्या महिन्यात आलेला सहकारी मात्र तीच फाइल काढू शकतो. असं का? आणि आता माझ्या फाइल्स कोण कोण काढू शकतं?

उत्तर: तुमच्या खात्यात काही बिघडलेलं नाही आणि तुमचे हक्क कोणी मुद्दाम काढूनही घेतलेले नाहीत. ‘माय ड्राइव्ह’ आणि ‘शेअर्ड ड्राइव्ह’ दिसायला सारखे असले तरी त्यांचे हिशोब दोन वेगळ्या तत्त्वांवर चालतात. माय ड्राइव्हमध्ये विचारायचं असतं, फाइल कोणाची आहे? शेअर्ड ड्राइव्हमध्ये हा प्रश्न निकामी होतो. तिथे विचारायचं, या ड्राइव्हमध्ये कोणाची भूमिका काय आहे? तुमची आणि त्या नव्या सहकाऱ्याची भूमिका वेगळी आहे, आणि सगळा फरक तेवढ्यातून आलाय. मी बरीच वर्षं संस्थांसाठी ड्राइव्हची व्यवस्था बघते. हीच तक्रार मला पुन्हा पुन्हा येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मालकाचं. माय ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि तो एक माणूस असतो, म्हणजे एक खातं. तुम्ही ती फाइल दहा जणांना एडिटर म्हणून दिलीत तरी ती कायमची नष्ट करायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. इतरांपैकी कोणी ‘काढून टाका’ म्हटलं तर ती त्याच्या नजरेआड होते, तुमची फाइल शाबूत राहते. हे सोयीचं वाटतं, पण याची दुसरी बाजू आम्हा व्यवस्थापकांना फार छळते. माणूस नोकरी सोडतो, त्याचं खातं काढलं जातं, आणि त्याआधी त्याच्या फाइल्स दुसऱ्या कोणाच्या नावावर केल्या नसतील तर खात्याबरोबर त्याही जातात. टीम रोज उघडत असलेली फाइल एका सकाळी सापडत नाही, कारण तिचा मालक गेलेला असतो.

शेअर्ड ड्राइव्ह आले ते याच अडचणीसाठी. ते 2017 मध्ये ‘टीम ड्राइव्ह’ या नावाने आले आणि 2019 मध्ये त्यांचं आजचं नाव पडलं. इथे फाइलचा मालक माणूस नसतो. ज्या संस्थेच्या खात्याखाली तो ड्राइव्ह तयार झाला, फाइल त्या संस्थेची होते. म्हणून तुम्ही फाइल आत हलवता त्या क्षणी मालक म्हणून असलेलं तुमचं नाव गळून पडतं, आणि त्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव येत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या नावावर फाइल झाली असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाका. तोही मालक नाही. आता कोणीच व्यक्ती मालक नाही.

फाइल हलवली की काय बदलतं आणि काय नाही, हेही स्पष्ट असलेलं बरं. लिंक तीच राहते. आवृत्त्यांचा इतिहास आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. फाइल तुम्ही कोणाला थेट दिलेली असेल तर तो प्रवेशही सहसा टिकतो, मात्र ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये त्याला मनाई नसली पाहिजे. टिकत नाही तो जुन्या फोल्डरमुळे मिळालेला प्रवेश. म्हणजे एखाद्याला तुम्ही अख्खं फोल्डर शेअर केलं होतं आणि त्यामुळे त्याला ही फाइल दिसत होती, तर फाइल फोल्डरबाहेर पडताच त्याची वाट बंद होते. ‘माझी फाइल गायब झाली’ असं हलवल्यानंतर कोणी म्हणालं तर मी आधी हेच तपासते. आणखी एक बारीक गोष्ट: ड्राइव्हच्या शोधपट्टीत `owner:me` टाकून स्वतःच्या फाइल्स काढायची सवय असेल तर हलवलेल्या फाइल्स त्यात येणार नाहीत. त्या हरवलेल्या नसतात, फक्त मालक म्हणून तुमचं नाव त्यांच्यावर उरलेलं नसतं.

आता मुख्य भाग, काढायचं कोणी. शेअर्ड ड्राइव्हमध्ये पाच भूमिका असतात: मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, काँट्रिब्युटर, कमेंटर आणि व्ह्यूअर. तुमच्या प्रश्नापुरत्या पहिल्या तीनच महत्त्वाच्या. काँट्रिब्युटर नवीन फाइल टाकू शकतो, असलेल्या फाइलमध्ये बदल करू शकतो, पण फाइल ट्रॅशमध्ये टाकू शकत नाही. ती फाइल त्याने स्वतः आणलेली असली तरीही नाही. कंटेंट मॅनेजर ट्रॅशमध्ये टाकू शकतो आणि ड्राइव्हच्या आत फाइल्स इकडून तिकडे हलवू शकतो. ट्रॅशमधली फाइल कायमची पुसायची तर मात्र मॅनेजर लागतो. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून तुम्ही काँट्रिब्युटर आहात आणि तुमचा सहकारी कंटेंट मॅनेजर, किंवा त्याहून वर.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण बहुतेक घोळ तिच्यामुळेच होतात. शेअर्ड ड्राइव्हमध्ये नवीन सदस्य घेताना भूमिकेच्या रकान्यात आधीपासून ‘कंटेंट मॅनेजर’ निवडलेलं असतं. जोडणाऱ्याने तो रकाना उघडून बदलला नाही तर येणाऱ्या प्रत्येकाला फाइल्स ट्रॅशमध्ये टाकायचा हक्क मिळतो. म्हणून नवखा सहकारी वरचढ आणि दोन वर्षं काम करणारी व्यक्ती खाली, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. तुम्हाला ज्याने जोडलं त्याने विचार करून काँट्रिब्युटर निवडलं, सहकाऱ्याला ज्याने जोडलं त्याने घाईत नुसतं ‘पाठवा’ दाबलं. ज्येष्ठतेचा किंवा फाइल कोणी बनवली याचा यात काही संबंध नाही.

दुसरी फसगत गटांमुळे होते. ड्राइव्हमध्ये एकेका माणसाऐवजी ईमेलचा अख्खा गटही सदस्य म्हणून घेता येतो. एखादा माणूस स्वतःच्या नावाने काँट्रिब्युटर असेल आणि तो ज्या गटात आहे तो गट कंटेंट मॅनेजर असेल, तर त्याला दोन्हींपैकी वरची भूमिका मिळते. सदस्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘काँट्रिब्युटर’ वाचून निर्धास्त होऊ नका. यादीत गट असतील तर त्यांच्यात कोण आहे हे उघडून पाहा.

तिसरी गोष्ट फोल्डरची. शेअर्ड ड्राइव्हच्या आतल्या एखाद्या फोल्डरपुरतीही कोणाला वरची भूमिका देता येते. म्हणजे संपूर्ण ड्राइव्हमध्ये जो सदस्यच नाही, त्यालाही त्या एका फोल्डरमधल्या फाइल्स काढता येऊ शकतात. याउलट ज्याला फक्त एका फाइलवर एडिटर म्हणून घेतलंय तो ती फाइल बदलू शकतो, काढू शकत नाही. माय ड्राइव्हमधून आलेल्या लोकांना वाटतं, एडिटर म्हणजे जवळजवळ सगळं काही. इथे तसं नाही.

आणि या सगळ्यांच्या वर संस्थेच्या खात्याचा प्रशासक असतो. तो ड्राइव्हचा सदस्य नसला तरी अॅडमिन कन्सोलमधून सदस्य आणि त्यांच्या भूमिका बदलू शकतो, हवं तर स्वतःला मॅनेजर करून घेऊ शकतो. हे लोकांना खटकतं, पण फाइल संस्थेची आहे हे एकदा मान्य केलं की ते ओघाने येतं.

कोणाला काय करता येतं हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ज्या खात्याबद्दल शंका असेल त्या खात्याने ड्राइव्ह एपीआयला विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. तुमच्याकडे थोडंफार स्क्रिप्ट लिहिणारं कोणी असेल तर त्याला हे द्या:

```
GET https://www.googleapis.com/drive/v3/files/FILE_ID
  ?supportsAllDrives=true
  &fields=name,driveId,owners,capabilities(canTrash,canDelete,canMoveItemOutOfDrive)
```

`driveId` आला म्हणजे फाइल शेअर्ड ड्राइव्हमध्ये आहे, आणि मग `owners` हा रकाना उत्तरात येतच नाही. मालकाचं नाव लपवलेलं नाही, तो रकानाच इथे लागू होत नाही. काँट्रिब्युटरने विचारलं तर `canTrash` ला `false` येतं. कंटेंट मॅनेजरने विचारलं तर `canTrash` ला `true`, पण `canDelete` ला `false`. मॅनेजरला दोन्ही `true`. `supportsAllDrives=true` लिहायचं विसरलात तर फाइल सापडली नाही अशी चूक येते आणि माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो. ज्या जुन्या स्क्रिप्ट मालकाच्या नावावरून फाइल्स गोळा करतात, त्या फाइल्स हलवल्यानंतर मुकाट्याने कमी फाइल्स देऊ लागतात, तेही एकदा बघून घ्या.

आता माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. त्यातले दिवस मोजले की ‘कोण काढू शकतं’ याच्या जोडीला ‘काढल्यावर किती वेळ हातात असतो’ हेही कळेल, आणि व्यवहारात ते जास्त उपयोगी पडतं. प्रशिक्षणाचं साहित्य बनवणारी एक छोटी टीम होती. साहित्य लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःच्या माय ड्राइव्हमधलं सगळं काम शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवलं. त्या काँट्रिब्युटर होत्या. काही आठवड्यांनी मदतीला एक तात्पुरता सहकारी आला. त्याला जोडताना भूमिका बदलली गेली नाही, म्हणजे तो कंटेंट मॅनेजर झाला. त्याला सांगितलं होतं, जरा आवराआवर कर. त्याने ‘जुने’ नावाचं फोल्डर पाहिलं आणि ते सगळंच्या सगळं ट्रॅशमध्ये टाकलं. त्या फोल्डरमध्ये मागच्या सत्राचं मूळ साहित्य होतं, ज्याच्यावरून पुढच्या सत्राचं करायचं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. आपण टाकलेलं फक्त आपल्याकडून जाईल असं त्याला वाटत होतं, कारण आधीच्या नोकरीत त्याने फक्त माय ड्राइव्ह वापरला होता.

बाईंना पत्ता लागला तो एक्केचाळिसाव्या दिवशी, पुढचं सत्र तोंडावर आल्यावर. त्यांनी आधी स्वतःच्या ट्रॅशमध्ये शोधलं. तिथे काहीच नव्हतं, कारण प्रत्येक शेअर्ड ड्राइव्हची ट्रॅश वेगळी असते आणि त्या ड्राइव्हमधली फाइल तिथेच जाते. मग ड्राइव्हची ट्रॅश उघडली, तीही रिकामी. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे अगदी हातपाय गळाले होते.

हिशोब असा होता. शेअर्ड ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पडलेली फाइल 30 दिवस राहते. त्या काळात कंटेंट मॅनेजर किंवा मॅनेजर ती दोन क्लिकमध्ये परत आणू शकतो. 30 दिवस उलटले की ती आपोआप कायमची पुसली जाते, आणि तिथून पुढे सदस्यांपैकी कोणाच्याही हातात काही राहत नाही. मात्र कायमची पुसली गेल्यापासून आणखी 25 दिवस संस्थेचा प्रशासक ती अॅडमिन कन्सोलमधून परत आणू शकतो. म्हणजे या प्रकरणात शेवटची संधी पंचावन्नाव्या दिवसापर्यंत होती आणि आम्ही एक्केचाळिसाव्या दिवशी होतो. मी कन्सोलमध्ये शेअर्ड ड्राइव्हच्या यादीत जाऊन तो ड्राइव्ह निवडला, डेटा परत आणायचा पर्याय घेतला आणि तारखा भरल्या. इथे घाईत चूक होते. लोक फाइल ट्रॅशमध्ये टाकल्याची तारीख भरतात. ती आता 25 दिवसांच्या मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते आणि काहीच परत येत नाही. फाइल ट्रॅशमधून पुसली गेली तो दिवस धरायचा. आमचं फोल्डर काही वेळाने आपल्या जागी परत दिसू लागलं.

पण हेच गणित वेगळं झालं असतं. समजा त्या सहकाऱ्याला कोणी मॅनेजर केलं असतं आणि त्याने तिसऱ्याच दिवशी ट्रॅशही रिकामी केली असती. मग 25 दिवस तिथूनच सुरू झाले असते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी संपले असते. एक्केचाळिसाव्या दिवशी परत आणायचा हा रस्ता बंद झालेला असता. संस्थेने जपणुकीचे वेगळे नियम आधीच लावलेले असते तर गोष्ट निराळी, नाहीतर नाही. म्हणून कोणाला मॅनेजर करायचं याबद्दल मी फार कडक असते. मॅनेजर दोन असावेत, एक रजेवर असेल तर दुसरा असावा म्हणून. त्याहून जास्त असण्याचं कारण मला क्वचितच पटलंय.

कोणी काढलं हे शोधणं अवघड नाही. ज्या फोल्डरमध्ये फाइल होती ते निवडून तपशिलाच्या पट्टीत अॅक्टिव्हिटी उघडली की कोणी केव्हा काय हलवलं, काय ट्रॅशमध्ये टाकलं ते ओळीने दिसतं. फोल्डरच गेलं असेल तर प्रशासकाकडे ड्राइव्हच्या घटनांची नोंद असते, त्याला फाइलचं नाव आणि साधारण तारीख सांगा. हे आधी बघावं आणि मगच कोणाला विचारावं. नुसत्या संशयावरून विचारलं तर टीममध्ये कटुता येते, आणि बरेचदा काढणारा वेगळाच निघतो.

काँट्रिब्युटर फाइल काढू शकत नाही याचा अर्थ तो नुकसान करू शकत नाही असा घेऊ नका. त्याला लिहिता येतं, म्हणजे तो डॉक्युमेंटमधला सगळा मजकूर पुसून रिकामं पानही ठेवू शकतो. फाइल जागेवर दिसते आणि आत काही नसतं. अशा वेळी ट्रॅशमध्ये शोधून उपयोग नाही. फाइल उघडून आवृत्त्यांच्या इतिहासात जायचं आणि आधीची आवृत्ती परत घ्यायची.

तुमची फाइल तुम्हाला परत स्वतःच्या नावावर हवी असेल तर काय? शेअर्ड ड्राइव्हमधून फाइल बाहेर काढायला साधारणपणे मॅनेजर लागतो, आणि संस्थेने ते बंद केलेलं असेल तर त्यालाही जमत नाही. मॅनेजरने ती स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये आणली की मालक तो होतो, मग त्याने ती तुमच्या नावावर करायची. तुम्ही दोघं एकाच संस्थेत असाल तर हे सरळ होतं. तुम्ही स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये बनवलेली प्रत हा दुसरा मार्ग आहे, आणि प्रतीच्या मालक तुम्हीच असता. पण प्रत म्हणजे नवी फाइल: लिंक नवी, आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास तिच्याबरोबर येत नाही. संस्थेच्या कामाची प्रत स्वतःकडे ठेवायची तुम्हाला परवानगी आहे का, हे मात्र तुमच्या करारावर अवलंबून आहे. तांत्रिकदृष्ट्या जमतं म्हणून ते करायला मोकळीक आहे असं नाही.

हे सगळ्यात जास्त लागू होतं ते बाहेरून काम करणाऱ्यांना. तुम्ही दुसऱ्या संस्थेच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये पाहुणे सदस्य असाल आणि स्वतःची फाइल तिथे ‘हलवली’ असेल, तर ती आता त्या संस्थेची झाली. उद्या त्यांनी तुम्हाला सदस्यांमधून काढलं तर तुम्हाला ती दिसणारही नाही. अशा कामात मी नेहमी सांगते, हलवू नका, प्रत टाका. मूळ फाइल तुमच्या माय ड्राइव्हमध्ये राहील, तुमच्या नावावर.

आता तुमच्यापुरतं. ती जुनी फाइल काढायचीच असेल तर मॅनेजरला किंवा कंटेंट मॅनेजरला फाइलची लिंक पाठवून काढायला सांगा. तुमच्या भूमिकेत हाच रस्ता आहे. तुम्हाला नेहमीच आवराआवर करावी लागत असेल तर मॅनेजरकडे कंटेंट मॅनेजरची भूमिका मागा, अख्ख्या ड्राइव्हची नको असेल तर तुमच्या फोल्डरपुरती. आणि त्याच निरोपात त्यांना सदस्यांची यादी एकदा उघडायला सांगा: कोणापुढे कंटेंट मॅनेजर लिहिलंय, त्यातलं कोणाला खरंच तसं हवंय, आणि यादीतल्या गटांमध्ये कोण कोण आहे. पंधरा-वीस सदस्यांच्या ड्राइव्हला हे काम दहा मिनिटांत होतं. ते होईपर्यंत तुमच्या मूळ साहित्याच्या फोल्डरला ‘जुने’ असं नाव असेल तर आधी ते बदला. नाव बदलायला काँट्रिब्युटरची भूमिका पुरते.